नाव हललं, नंबर जागेवर राहिला

ती फाइल एकदम सगळी उघडू नकोस गं. मी सांगते तसं कर. वडिलांचे जुने शेअर, त्यावर दोऱ्यानं बांधलेली लाभांशाची पत्रं, मग डीमॅटची स्टेटमेंटं, असा ढीग समोर आला की कुणाचंही डोकं गरगरतं. तू घर चालवतेस, मुलांच्या फी भरतेस, दूधवाल्याचा हिशोब तोंडी सांगतेस. हे काम त्याहून अवघड नाही. फक्त यात एक गोष्ट अशी आहे जी कुणी आधी सांगत नाही, आणि ती नाही कळली तर बाकीचं सगळं चुकतं. ती म्हणजे स्टेटमेंटच्या डाव्या कोपऱ्यात, कंपनीच्या नावाच्या आधी छापलेली बारा अक्षरांची ओळ. तिला आयसिन म्हणतात.

आपण सगळ्या त्या ओळीवरून नजर फिरवतो आणि नावावर थांबतो, कारण नाव ओळखीचं असतं. बघ, इथेच फसायला होतं. म्हणून मी तुला एकाच कंपनीचं उदाहरण घेऊन सांगते, आणि तेही टाटा मोटर्सचं. पुण्या-पिंपरीकडच्या कितीतरी घरांत तो शेअर कपाटात असतो. कुणाचे वडील तिथे कामाला होते, कुणाच्या काकांनी घेतला होता. आणि दुसरं कारण म्हणजे, नाव आणि नंबर यांची फारकत कशी होते ते या कंपनीइतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचित दिसतं.

आधी हे बघ:

```
INE155A01022
```

घाबरू नकोस, आपण याचे तुकडे करू. पहिली दोन अक्षरं IN म्हणजे भारत. तिसरं E म्हणजे हे कंपनीनं काढलेलं आहे. म्युच्युअल फंडाचं युनिट असेल तर तिथे F दिसतं. पुढची चार, म्हणजे 155A, ही त्या कंपनीची खूण, आपल्या आडनावासारखी. त्यानंतरचे 01 म्हणजे हा समभाग, साधा शेअर. त्याच कंपनीचं कमर्शियल पेपर असतं तर तिथे 14 आलं असतं, कर्जरोखा असता तर आणखी वेगळा आकडा. मग 02, म्हणजे त्या प्रकारातला दुसरा क्रमांक. आणि शेवटचा 2 हा नुसता पडताळणीचा आकडा. त्याच्याकडे मी नंतर येते, कारण त्याची एक गंमत मला अलीकडेच सापडली आहे.

हे नंबर कंपनी स्वतः ठरवत नाही, आणि तुझा ब्रोकर तर नाहीच. भारतात कंपन्यांच्या शेअरना आणि कर्जरोख्यांना ते एनएसडीएल देते. मग तुझं डीमॅट सीडीएसएलकडे असो, शेअर मुंबईच्या कुठल्याही बाजारात विकला जावो, नंबर तोच. बाजारातली आखूड नावं वेगळी असतात, ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये आणखी वेगळी दिसतात. हा एकच सगळीकडे सारखा राहतो. बारा अक्षरांचा हा साचा जगभर एकच आहे, देशाची दोन अक्षरं फक्त बदलतात.

आता खरं सांगू का, आयसिन म्हणजे कंपनीचा नंबर असं जे आपण समजतो ते अर्धंच बरोबर आहे. तो कंपनीच्या एका विशिष्ट कागदाचा नंबर आहे. आडनाव एक असलं तरी घरातल्या प्रत्येकाचं आधार कार्ड वेगळं असतं ना, तसं. हे मला कसं कळलं ते सांगते, म्हणजे तुझ्या लक्षात राहील.

2021 मध्ये आईचे काही शेअर माझ्या खात्यात आणायचे होते. आईला ती जबाबदारी नको झाली होती. डीमॅटची सूचना-स्लिप असते, डीआयएस म्हणतात तिला. त्यात आयसिन, नाव, किती शेअर आणि कुणाच्या खात्यात, असे खण असतात. आईच्या स्टेटमेंटवर टाटा मोटर्सच्या दोन ओळी होत्या, एकाखाली एक. मी दिवेलागणीच्या वेळी, स्वयंपाक अर्धा टाकून ती स्लिप भरली. नावाच्या खणात नुसतं ‘टाटा मोटर्स’ लिहिलं, 40 शेअर लिहिले, आणि नंबर उतरवला तो खालच्या ओळीतला.

```
INE155A01022
IN9155A01020
```

बघितलंस? दुसऱ्या ओळीत E च्या जागी 9 आहे. ते साधे शेअर नव्हते. कंपनीनं 2008 साली वेगळ्या मतदान हक्काचे ‘ए’ शेअर काढले होते, लोक त्यांना डीव्हीआर म्हणत. दहा शेअरमागे एक मत, त्या बदल्यात लाभांश थोडा जास्त, आणि बाजारात भाव साध्या शेअरपेक्षा बराच कमी. म्हणजे आडनाव 155A दोघांचं सारखं, पण कागद वेगळा, हक्क वेगळे, भाव वेगळा. आईकडे ते डीव्हीआरही पुरेसे होते, सही जुळत होती, स्लिप नियमात बसत होती. त्यामुळे कुणीही अडवलं नाही आणि चाळीस डीव्हीआर माझ्या खात्यात आले. मला हे महिन्याचं स्टेटमेंट आल्यावर कळलं. मग परत पाठवायला एक स्लिप, बरोबरचे आणायला दुसरी, आणि प्रत्येक वेळी शुल्क. पैसे फार गेले नाहीत, पण आईला पुन्हा पुन्हा सह्या करायला लावल्या त्याचं मला वाईट वाटलं. तिचा हात तेव्हा थरथरायचा.

म्हणून तुला बजावते. तिसऱ्या जागेवर बोट ठेवून बघायचं. तिथे E आहे की 9 आहे. अर्धे पैसे भरलेले शेअर असतात, हक्कभागात कधीकधी मिळतात ते, त्यांनाही हा IN9 लागतो. पुढे पैसे पूर्ण भरले की ते साध्या शेअरच्या नंबरात मिसळतात. आणि त्या डीव्हीआरचं सांगायचं तर 2024 मध्ये ते रद्दच झाले. दर दहा डीव्हीआरमागे सात साधे शेअर, करकपात वजा जाऊन, असे लोकांच्या खात्यात आले. त्यामुळे तुझ्या जुन्या स्टेटमेंटवर IN9155A01020 दिसला आणि नव्यावर नसला, तर कुणी काढून नेले म्हणून हबकू नकोस. तो कागदच आता अस्तित्वात नाही. त्याऐवजी वरच्या ओळीतली संख्या वाढलेली दिसेल.

आता तुझ्या वडिलांच्या कागदांकडे येऊ. समज तुला सर्टिफिकेट सापडलं आणि त्यावर नाव आहे ‘टाटा इंजिनीअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी’, ज्याला सगळं पिंपरी टेल्को म्हणायचं. दर्शनी मूल्य दहा रुपये, शेअर 100. तू ब्रोकरच्या अ‍ॅपवर टेल्को शोधतेस आणि काहीच मिळत नाही. तिथे धीर सोडायचा नाही गं. ही कंपनी बुडलेली नाही. 2003 मध्ये तिचं नाव टाटा मोटर्स झालं, एवढंच. नाव बदललं म्हणून 155A बदललं नाही, कारण कायद्याच्या दृष्टीनं कंपनी तीच होती. लग्नानंतर आपण नाव बदललं तरी बोटांचे ठसे तेच राहतात, तसं समज.

पण 2011 मध्ये दुसरी गोष्ट झाली. दहा रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे दोन रुपयांचे पाच झाले. कंपनी तीच, नाव तेच, तरी इथे मात्र नंबर बदलला:

```
INE155A01014   दर्शनी मूल्य 10
INE155A01022   दर्शनी मूल्य 2
```

पहिली सात अक्षरं बघ, तशीच आहेत. 01 तसंच आहे, म्हणजे प्रकार तोच, साधा शेअर. बदललं ते पुढचं, 01 चं 02 झालं, आणि त्यामुळे शेवटचा पडताळणीचा आकडाही बदलला. का, ते सोपं आहे. दहाचा कागद आणि दोनचा कागद एकाच नंबराखाली राहिले असते तर कुणाला पाच द्यायचे आणि कुणाला एक, याचा गोंधळ झाला असता. म्हणून जुना नंबर कायमचा बंद केला आणि नवा उघडला. बोनस शेअर मिळाले तर असं होत नाही बरं का. बोनसमध्ये दर्शनी मूल्य तेच राहतं, नुसती संख्या वाढते, म्हणून नंबरही तोच राहतो. विभाजन झालं की नंबर जातो. एवढा फरक ध्यानात ठेवलास तर निम्म्या जुन्या स्टेटमेंटांचा उलगडा आपोआप होईल.

आणि इथे एक व्यवहाराची गोष्ट. कागदी शेअर डीमॅट करायचा फॉर्म भरताना कुणीतरी तुला सांगेल की इंटरनेटवर शोध आणि नंबर टाक. जुन्या पानावर तुला INE155A01014 मिळेल, आणि तुझ्या हातातल्या सर्टिफिकेटवर दर्शनी मूल्य दहाच आहे, म्हणून तो तुला अगदी बरोबर वाटेल. तो टाकायचा नाही. तो नंबर 2011 पासून बंद आहे. फॉर्मवर नेहमी आज चालू असलेला नंबर जातो. त्याआधी कंपनीच्या रजिस्ट्रारला फोलिओ नंबर देऊन लिहून विचार, की आज या फोलिओत किती शेअर आहेत आणि जुन्या सर्टिफिकेटाऐवजी काय लागेल. तुझ्या कागदावरचे 100 हे त्यांच्या वहीत 500 असायला हवेत. तसे नसतील तर का नाहीत, हा पुढचा प्रश्न. सात वर्षं सलग लाभांश कुणी घेतला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे गेलेले असू शकतात. तिथून ते परत मागता येतात, पण रस्ता वेगळा आहे. हे आयसिन तुला सांगणार नाही. आयसिन सांगतं तो कागद कुठला, तो कुणाचा हे सांगतो फोलिओ नंबर किंवा तुझा डीमॅट खाते क्रमांक. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नकोस. फॉर्मवर त्यांचे खण शेजारीशेजारीच असतात.

आता मुख्य गोष्ट. जरा नीट बस आणि ऐक, कारण हे ताजं आहे आणि यात भलेभले गोंधळले.

2025 च्या ऑक्टोबरमध्ये टाटा मोटर्सचे दोन भाग झाले. ट्रक-बसचा धंदा एका कंपनीत गेला, आणि प्रवासी गाड्या, जग्वार लँड रोव्हरसकट, दुसऱ्या कंपनीत राहिल्या. 14 ऑक्टोबर ही रेकॉर्ड डेट होती. त्या दिवशी ज्याच्या खात्यात जितके शेअर, तितकेच नव्या कंपनीचे शेअर त्याला मिळाले. एकास एक. म्हणजे वडिलांच्या त्या 500 वर आणखी 500.

इथपर्यंत सरळ आहे. पण नावांचं काय झालं बघ. जुन्या कंपनीनं स्वतःचं नाव बदलून ‘टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्स’ केलं. आणि ट्रक-बसवाल्या नव्या कंपनीनं ‘टाटा मोटर्स’ हे नाव घेतलं. म्हणजे जे नाव तू आयुष्यभर ज्या शेअरला लावत आलीस, ते नाव उठून दुसऱ्याच शेअरवर जाऊन बसलं. नंबर मात्र हलला नाही:

```
INE155A01022   Tata Motors Passenger Vehicles
INE1TAE01010   Tata Motors
```

वडिलांचे मूळचे शेअर पहिल्या ओळीत आहेत. जुनं नाव दुसऱ्या ओळीत आहे. खालच्या नंबराचं आडनाव बघ, 155A नाही, 1TAE आहे. कारण ती कायद्यानं नवी कंपनी आहे. आणि शेवटच्या आकड्याच्या आधीचे दोन आकडे 01, म्हणजे हा तिचा पहिलाच साधा शेअर.

माझ्या नात्यातल्या एका बाईंनी रेकॉर्ड डेटच्या दिवशी सकाळी मला फोन केला. आवाज रडवेला. अ‍ॅपवर त्यांचा टाटा मोटर्स साधारण 660 वरून 400 च्या आसपास आलेला, एका रात्रीत. त्यांना वाटलं, सगळं बुडालं, उरलंसुरलं विकून टाकू. मी म्हटलं, थांबा, आधी मला ओळीच्या सुरुवातीचा नंबर वाचून दाखवा. त्यांनी वाचला, INE155A01022. मग त्यांना समजावलं, की या नंबराच्या पोटातून ट्रकचा धंदा बाहेर काढला आहे, म्हणून तेवढी किंमत यातून कमी झाली. ती किंमत दुसऱ्या नंबरावर येणार आहे. काही दिवसांनी त्यांच्या खात्यात INE1TAE01010 ची ओळ आलीही, पण त्यापुढे भाव दिसेना. त्यांचा पुन्हा फोन. तोही खुलासा साधा होता. नव्या कंपनीचे शेअर बाजारात 12 नोव्हेंबरला आले. त्याआधी खात्यात होते, पण खरेदी-विक्री सुरू नव्हती, म्हणून भाव नव्हता. जवळजवळ महिनाभर त्यांच्याकडे एक ओळ होती जिला नंबर होता, नाव होतं, किंमत दिसत नव्हती. नंबर होता म्हणूनच मी त्यांना ठामपणे सांगू शकले की ती मालमत्ता तुमची आहे.

त्यांनी त्या सकाळी विकलं असतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात अजून येतो. रेकॉर्ड डेटला शेअर त्यांच्याच खात्यात होते, त्यामुळे नव्या कंपनीचे शेअर तरी मिळाले असते. पण प्रवासी गाड्यांचा भाग त्यांनी भीतीपोटी काढून टाकला असता, आणि तो त्यांना ठेवायचा होता.

तुझ्यासाठी यातून काम एवढंच. आता विकायची किंवा घ्यायची वेळ आली की ‘टाटा मोटर्स’ टाइप करून जे पहिलं येईल त्यावर बोट ठेवू नकोस. अ‍ॅपमध्ये शेअरच्या माहितीच्या पानावर आयसिन दिलेलं असतं, जरा खाली सरकावं लागतं. बाजारातली आखूड नावं TMPV आणि TMCV अशी आहेत, ती मदतीला येतात, पण खात्री करायची ती नंबरानं. आणि ऑक्टोबर 2025 पूर्वीचं वर्तमानपत्राचं कात्रण, जुना सल्ला, वडिलांनी वहीत लिहिलेलं काही, यांत टाटा मोटर्स असेल तर तिथे पेन्सिलनं 155A लिहून ठेव. म्हणजे पुढे तुझ्या मुलीनं वही उघडली तर ती ट्रकवाल्या कंपनीकडे जाणार नाही.

वडिलांचे शेअर कागदीच राहिले असतील, डीमॅटमध्ये नसतील, तर नव्या कंपनीचे त्यांच्या वाट्याचे शेअर कुठे ठेवले आहेत हेही रजिस्ट्रारला त्याच पत्रात विचार. पत्रात दोन्ही नंबर लिही, वेगवेगळ्या ओळींत. नुसतं ‘टाटा मोटर्सचे माझ्या वडिलांचे शेअर’ असं लिहिलंस तर वाचणाऱ्यालाही कळणार नाही तू कुठले म्हणतेस.

बरं, तो शेवटचा आकडा. पडताळणीचा. सांगते म्हटलं होतं ना.

तो आकडा आधीच्या अकरा अक्षरांवरून गणित करून काढलेला असतो. अक्षरांचे आकडे करायचे, A म्हणजे 10, B म्हणजे 11, असं Z पर्यंत 35. मग INE155A0102 चं असं होतं:

```
182314155100102
```

आता उजवीकडून सुरुवात कर. पहिला आकडा दुप्पट, दुसरा तसाच, तिसरा दुप्पट, असं करत डावीकडे जा. दुप्पट करून दहा किंवा जास्त आलं तर त्यातले दोन आकडे मिळवून एक कर, दहाचा एक. दुप्पट केलेल्यांची बेरीज येते 17, तशाच ठेवलेल्यांची 21. एकूण 38. पुढच्या दशकापर्यंत, म्हणजे 40 पर्यंत, किती कमी? दोन. म्हणून शेवटी 2. मी हे किराणा-यादीच्या मागे करून बघितलं आणि बरोबर आलं तेव्हा मला फार आनंद झाला. तूही करून बघ, दहा मिनिटांचं काम आहे.

याचा उपयोग असा, की तू घाईत 155 च्या जागी 515 लिहिलंस तर गणित जुळत नाही. शेवटी 2 ऐवजी 7 यायला हवं होतं, आणि संगणक लगेच म्हणतो, हा नंबर चुकला. पण ही राखण सगळं पकडते असं समजू नकोस. शून्याच्या जागी इंग्रजी O लिहायची चूक आपण सगळ्या करतो. A नंतरचं शून्य O करून मी पुन्हा गणित केलं, INE155AO1022, आणि बघ काय झालं, बेरीज आली 48, म्हणजे शेवटी पुन्हा 2! गणिताला काही वावगं वाटलंच नाही. असा नंबर कुणाला दिलेलाच नाही म्हणून तो कुठे सापडणार नाही आणि फॉर्म परत येईल, एवढंच आपलं नशीब. शेवटचा आकडा हाताची चूक पकडायला आहे, आणि तीही दर वेळी पकडेलच असं नाही. आणि माझी 2021 ची चूक तर तो कधीच पकडू शकला नसता. IN9155A01020 हा पूर्ण बरोबर, जिवंत नंबर होता. फक्त मला हवा असलेला नव्हता.

म्हणून नंबर हातानं उतरवताना मी आता एक करते. महिन्याचं एकत्रित स्टेटमेंट येतं ना, डिपॉझिटरीकडून ईमेलवर किंवा टपालानं, ते समोर ठेवते, जुनं नाही, ताजं. पट्टी ठेवून एकच ओळ उघडी ठेवते, बाकीच्या झाकते. नंबर चार-चार अक्षरांच्या गटांत लिहिते, INE1, 55A0, 1022. शून्याला आतून तिरकी रेघ मारते, ती फक्त माझ्या कच्च्या कागदावर, फॉर्मवर नाही. मग नाव आणि दर्शनी मूल्य त्याच ओळीतलं आहे ना ते बघते. फॉर्मवर नावही पूर्ण लिहिते, स्टेटमेंटवर आहे तसंच, एकही शब्द न गाळता. त्या दिवशी मी ‘टाटा मोटर्स’ एवढंच लिहिलं नसतं, तर नाव आणि नंबर जुळत नाहीत हे काउंटरवरच्या माणसाला कदाचित दिसलं असतं.

प्राप्तिकराच्या विवरणपत्रातही हा नंबर भेटेल, आधीच सांगून ठेवते. शेअर विकून दीर्घ मुदतीचा नफा झाला असेल आणि ते 31 जानेवारी 2018 किंवा त्याआधी घेतलेले असतील, तर 112ए च्या तक्त्यात प्रत्येक शेअरचं आयसिन मागतात. वडिलांकडून आलेले जुने शेअर त्यातच मोडतात. तिथे आज दिसणारं नाव आणि तेव्हाचा भाव यांची सांगड घालायची असते, आणि टाटा मोटर्सच्या बाबतीत तर धंदा वेगळा झाल्यामुळे मूळ खरेदीची किंमतही दोन नंबरांत वाटावी लागते. ते तुझ्या सीएला करू दे. तू त्याच्याकडे जाताना फक्त दोन नंबर आणि प्रत्येकाची संख्या लिहून ने. तो तुला दुवा देईल.

आता फाइल उघड. आधी ताजं स्टेटमेंट बाहेर काढ, सर्टिफिकेटं तशीच राहू देत. पट्टी घे. 155A कुठे दिसतं ते शोध आणि मला फोन कर, बारा अक्षरं एकेक करून मोठ्यानं वाच. मी इकडे लिहून घेते आणि परत तुला वाचून दाखवते. जुळलं की मगच फॉर्मवर पेन टेकव.